गल्ल्यात आलेले पैसे गल्ल्याच्या नावे का?

मित्रहो, औशाच्या एका किराणा दुकानदाराने मला विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असणार. ते म्हणाले, "आमच्या वडिलांच्या कीर्दीत आलेला पैसा जमेला लिहिलेला असतो. बँकेत पैसे भरले तरी पासबुकात ते जमाच होतात. मग द्विनोंदी पद्धतीत गल्ल्यात आलेली रोकड नावे कशी लिहायची?"

याचे उत्तर असे की, नोंद कोणाच्या खात्यात होते आहे हे आधी पाहावे लागते. जुन्या कीर्दीत जमेच्या बाजूला ज्याच्याकडून पैसा आला त्याचे खाते लिहिले जाई, आणि रोकडीची बाजू त्या कीर्दीतच अध्याहृत असे. बँकेचे पासबुक हे बँकेच्या वहीतले तुमचे खाते असते. तुम्ही बँकेला पैसे दिलेत, म्हणून ते तुमच्या खाती जमा होतात. द्विनोंदीत रोकडीला स्वतंत्र खाते असते. गल्ला हा जणू दुकानातला एक माणूस आहे असे समजा. त्याच्या हाती पैसे दिले की ते त्याच्या नावे पडले, आणि त्याने ते कोणाला दिले की त्याच्या खाती जमा झाले. घेणाऱ्या खात्याच्या नावे आणि देणाऱ्या खात्याला जमा, एवढेच सूत्र आजच्या उदाहरणाला पुरेल.

आता त्याच दुकानातला एक दिवस घेऊ. आदल्या दिवसाच्या शिलका आपल्या परीने जुळलेल्याच आहेत असे धरून त्या बाजूला ठेवू. सकाळी लातूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून पन्नास किलो तूरडाळ 120 रुपये किलोने उधारीवर आली. खरेदी खाते नावे 6,000, व्यापाऱ्याचे खाते जमा 6,000. दिवसभरात रोखीची विक्री 3,200 रुपयांची झाली. रोकड नावे, विक्री जमा. दुपारी एका शेतकऱ्याने सोयाबीन निघाल्यावर देण्याच्या बोलीवर 850 रुपयांचा माल नेला. त्याचे खाते नावे, विक्री पुन्हा जमा. संध्याकाळी व्यापाऱ्याच्या माणसाला 2,000 रुपये रोख दिले. व्यापाऱ्याचे खाते नावे, रोकड जमा.

दिवसाच्या नावे रकमांची बेरीज 12,050 येते आणि जमा रकमांचीही तेवढीच येते. ही समानता दिवसाच्या शेवटी हिशेब जुळवून आणलेली नसते. प्रत्येक व्यवहार लिहितानाच एक रक्कम दोन खात्यांत, दोन विरुद्ध बाजूंना टाकलेली असल्यामुळे ती पहिल्या ओळीपासून तशीच चालत आलेली असते.

या नोंदी खतावणीत नेल्या आणि प्रत्येक खात्याची बाकी काढली की तेरीज तयार होते. नावे बाजूला खरेदी 6,000, रोकड 1,200 आणि शेतकरी 850, एकूण 8,050. जमा बाजूला विक्री 4,050 आणि व्यापारी 4,000, एकूण तेवढेच. (विक्रीचे 4,050 हा नफा नव्हे, उरलेली डाळ आणि इतर माल मोजून त्याची किंमत धरल्याशिवाय नफा कळत नाही.)

तेरीज जुळली नाही तर फरकाचा आकडाच चूक कुठे आहे ते पुष्कळदा सुचवतो. समजा, शेतकऱ्याच्या खात्यावर 850 ऐवजी 580 चढले. नावे बाजू 7,780 होते आणि फरक 270 पडतो. फरकाला नऊने निःशेष भाग गेला की अंकांची अदलाबदल झाली असावी, असा संशय आधी घ्यावा. तेच 850 चुकून त्याच्या खात्यात जमा बाजूला गेले तर नावे 7,200 आणि जमा 8,900 होऊन फरक 1,700 चा, म्हणजे रकमेच्या दुप्पट येतो. म्हणून फरक निम्मा करून ती रक्कम वहीत शोधावी. सगळी वही पहिल्या पानापासून तपासत बसण्याआधी या दोन कसोट्या लावून पाहाव्यात.

मात्र जुळलेली तेरीज पाहून निर्धास्त होणे मला धोक्याचे वाटते. दुपारची उधारी लिहायचीच राहिली, तर दोन्ही बाजूंनी 850 कमी होतात आणि 7,200 ला 7,200 जुळतात. आपल्या गावांत एकाच आडनावाची पाच-सहा घरे असतात. एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर चढली तरी नावे रक्कम नावेच राहते आणि तेरजेत काहीही दिसत नाही. असल्या चुका सापडायच्या तर वहीबाहेरच्या गोष्टीशी ताळा घ्यावा लागतो. रात्री गल्ला मोजून तो रोकड खात्याच्या बाकीशी पडताळावा, व्यापाऱ्याकडून महिन्याचा खातेउतारा मागवावा, आणि उधारीच्या गिऱ्हाइकाला दर महिन्याला त्याची बाकी तारखांसह वाचून दाखवावी. सोयाबीनच्या सुगीपर्यंत थांबलात, तर चार महिन्यांपूर्वीची ती दुपार त्यालाही आठवत नाही आणि तुम्हालाही.