समोर कोण उभं आहे? बुकी, टोट आणि एक्स्चेंज

नव्याने रेस बघायला येणारा माणूस पहिल्यांदा विचारतो, कुठला घोडा? माझ्या मते त्याच्या आधी विचारायला हवं की मी जिंकलो तर ते पैसे कुणाच्या खिशातून येणार. महालक्ष्मीला बुकी आणि टोट दोन्ही बघायला मिळतात. एक्स्चेंज आपल्याकडच्या रेसकोर्सवर नाही, ते समजून घ्यायला ब्रिटनकडे बघावं लागतं.

एकच रेस घेऊ. चार घोडे. बुकीच्या फळ्यावर भाव आहेत २, ४, ४ आणि ८. सोयीसाठी आपण लावलेली रक्कम धरून भाव सांगतोय. म्हणजे ४ च्या भावाने १०० रुपये लावले आणि घोडा आला, तर ४०० हातात येतात. आता प्रत्येक भावाने १०० ला भागा, म्हणजे त्या भावात धरलेली जिंकण्याची शक्यता टक्क्यांत मिळते: ५०, २५, २५, साडेबारा. बेरीज होते ११२.५. चारपैकी एकच घोडा जिंकणार, म्हणजे बेरीज १०० यायला हवी होती. वरचे साडेबारा हे बुकीचं मार्जिन. फळ्यावर ते कुठेच लिहिलेलं नसतं, प्रत्येक भाव थोडा थोडा कापून ते आत बसवलेलं असतं.

बुकीकडे या घोड्यांवर अनुक्रमे ५०००, २५००, २५०० आणि १२५० रुपये लागले, तर त्याच्याकडे ११,२५० जमा होतात आणि कुठलाही घोडा आला तरी द्यायचे १०,०००. उरले १२५०, म्हणजे जमा रकमेच्या साधारण ११ टक्के. पण पंटर असे मापात पैसे लावत नाहीत. त्याच ११,२५० पैकी ७००० फेव्हरिटवर लागले आणि फेव्हरिट आला, तर बुकीला १४,००० मोजावे लागतात. २७५० त्याच्या पदरचे गेले. म्हणून तो फेव्हरिटचा भाव खाली ओढतो, बाकीच्यांचे वाढवतो, किंवा अंगावर आलेला बोजा दुसऱ्या बुकीकडे उतरवतो. तुमच्या समोर तो स्वतः उभा आहे, हे लक्षात घ्या. तुम्ही जिंकता तेव्हा त्याचं खरंच नुकसान होऊ शकतं. ब्रिटनमध्ये सतत जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाला बुकी जास्त रक्कम लावू देत नाहीत, ते यामुळेच. त्या बदल्यात तुम्हाला मिळते ती भावाची खात्री: ४ ने घेतलं की नंतर भाव पडला तरी तुमचे ४ पक्के.

टोटमध्ये ही खात्री नाही. तिथे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात, क्लब आधी आपला वाटा काढतो आणि उरलेले जिंकणाऱ्या तिकिटांवर वाटतो. समजा पूल १,००,००० चा आहे, वजावट २० टक्के, उरले ८०,०००. दुसऱ्या घोड्यावर २०,००० ची तिकिटं असतील तर बोर्डावर ४ चा भाव दिसेल, बुकीइतकाच. तुम्ही तिकीट काढलंत. शेवटच्या मिनिटाला कुणी त्याच घोड्यावर आणखी ५००० लावले. पूल १,०५,०००, वजावटीनंतर ८४,०००, तिकिटं २५,००० ची. भाव आला ३.३६ वर. दहाच्या तिकिटाला ३३.६० होतात, आणि डिव्हिडंड पूर्ण रुपयात देत असतील तर वरचे साठ पैसेही जातात. समोर क्लब नाही, हरलेले पंटर आहेत. कुठला घोडा येतो याच्याशी क्लबच्या वाट्याचा एरवी संबंध नसतो. पूल लहान असेल तर तुमचीच मोठी रक्कम तुमचा भाव पाडते, आणि हे नवख्याच्या ध्यानात उशिरा येतं.

एक्स्चेंजवर समोर तुमच्यासारखाच एक माणूस असतो. २००० साली सुरू झालेल्या बेटफेअरने ही पद्धत रूढ केली. तिथे घोडा लावता येतो तसा खाताही येतो, म्हणजे तो जिंकणार नाही या बाजूने उभं राहून दुसऱ्याचा पैसा घेता येतो. तुम्ही ४.४ ने १०० पौंड लावलेत, तर खाणाऱ्याच्या खात्यातले ३४० पौंड आधीच अडकवून ठेवले जातात. घोडा आला की ते ३४० तुमचे, त्यातून ५ टक्के कमिशन धरलं तर १७ वजा. हातात पडलेला भाव ४.२३. हरलात तर खाणाऱ्याला १०० मिळतात, आणि कमिशन तो देतो. एक्स्चेंज स्वतः कुणाच्याच विरुद्ध नसतं.

भाव इथे बहुधा चांगला मिळतो, कारण खाणारे एकमेकांशी स्पर्धा करतात. पण दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, ४.४ ला किती रक्कम उपलब्ध आहे. तिथे तीसच पौंड असतील तर तुमचे सत्तर पौंड कुणी घेईपर्यंत नुसते पडून राहतात. दुसरी जास्त महत्त्वाची. बाकी सगळे ४ ला खात असताना एखादा ५ द्यायला पुढे येतो, तेव्हा त्या घोड्याबद्दल त्याला काहीतरी जास्त माहीत असण्याची शक्यता धरून चाला. बुकी सगळ्यांना तोच भाव देतो, टोटमध्ये पूल सगळ्यांचा मिळून असतो. इथे मात्र तुमची रक्कम नेमकी कुणी आणि का घेतली, हा प्रश्न दर वेळी उभा राहतो.