नवतप्यातला हत्ती

(दृश्य: पहाट. तलावाच्या काठावर हत्तीण कुशीवर आडवी पडलेली. माहुत दगडाने तिची पाठ घासतोय.)

गडचिरोली जिल्ह्यातलं कमलापूर. महाराष्ट्रातला एकमेव शासकीय हत्ती कॅम्प इथं आहे. आलापल्लीच्या जंगलातले सागाचे ओंडके ओढायला एके काळी इथं हत्ती लागायचे. ते काम संपलं, हत्ती राहिले.

माहुतानं तासभर खपून हत्तिणीला लख्ख केलंय. आता ती उठेल. पाण्याबाहेर येईल. आणि पुढच्या पाच मिनिटांत काय करते ते नीट बघा.

(दृश्य: हत्तीण पुढच्या पायाच्या नखाने जमीन खरवडते. सोंडेच्या वेटोळ्यात माती गोळा करते आणि फेकते. पाठीवर लाल धुळीचा ढग.)

झालं. पुन्हा मातीच माती. आम्ही माहुताला विचारलं, राग नाही येत?

"राग कायचा जी? तिले माती पायजेच. धुतलेला हत्ती धुतलेला राहात नाही. आपणच नाही घेऊ दिली, तर मंग ती दिवसभर बेचैन राहाते."

ही हौस नाही. विदर्भातल्या मे महिन्यात, नवतप्याच्या उन्हात, हत्तीच्या अंगावरची माती हे त्याचं औषधही आहे आणि छप्परही. ते समजून घ्यायला आधी त्याच्या कानांपासून सुरुवात करू.

(दृश्य: कानाचा जवळून. मागच्या बाजूच्या जाड शिरा.)

हत्तीला आपल्यासारखा घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी त्याला आहेत, पण त्या पायाच्या नखांजवळ. कुत्र्यासारखं धापा टाकूनही त्याला अंग थंड करता येत नाही. आणि शरीर तर एवढं अवाढव्य. मोठ्या कोठीतलं धान्य जसं आतून गरम राहतं, तशी मोठ्या देहातली उष्णता बाहेर पडायला वेळ घेते, कारण देहाच्या मानाने कातडीचा पसारा कमी पडतो.

ती कमी कान भरून काढतात. कानाची कातडी पाठीच्या कातडीपेक्षा कितीतरी पातळ. मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. अंग तापलं की या वाहिन्या रुंद होतात, गरम रक्त कानात येतं, कान हलतो, वारा लागतो, आणि रक्त थोडं निवून परत शरीरात जातं. आफ्रिकेतल्या हत्तीचे कान याहून मोठे, त्याच्या अंगाच्या एकूण पृष्ठभागाचा जवळपास पाचवा हिस्सा. आपल्या आशियाई हत्तीचे कान लहान, पण युक्ती तीच.

सकाळी आठ वाजता, हवा तीस अंशांच्या आसपास असताना, ही युक्ती छान चालते. हत्तिणीचं रक्त छत्तीस अंशांच्या जवळपास. हवा तिच्यापेक्षा गार. म्हणून कानाचा प्रत्येक झोका उष्णता बाहेर टाकतो. ऊन चढतं, तसे झोके वाढतात.

(दृश्य: सकाळचे अकरा. सावल्या आखडलेल्या. दूरवर मृगजळ.)

आता मात्र हवेनं छत्तीसचा आकडा ओलांडलाय. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली या पट्ट्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. इथं कानांचा डाव उलटतो. हवा रक्तापेक्षा गरम असेल, तर कोरडा कान हलवला तरी उष्णता बाहेर जात नाही. उलट आत येते. दुपारी दोन वाजता घरातल्या पंख्याखाली बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पंखा फिरतो आणि अंगावर झळा येतात.

मग घरात आपण काय करतो? कूलर लावतो. कूलरमध्ये पंखा तोच असतो, फक्त त्याच्या वाटेत ओला वाळा असतो. वाळ्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं आणि हवा गार होते. दुपारी हत्तीण हेच करते. सोंडेत पाणी ओढून ती आधी कानांच्या मागे मारते, मग पोटाखाली, मग पाठीवर. कान ओला झाला की तोच झोका पुन्हा कामाचा होतो.

पण नुसत्या पाण्यात एक अडचण आहे. ते फार लवकर वाळतं. कोरड्या वाऱ्यात थोड्याच वेळात पाठ परत कोरडी. इथं चिखल लागतो.

(दृश्य: डबक्यात लोळणारी हत्तीण. शेजारच्या बोडीत डुंबणाऱ्या म्हशी.)

ही गोष्ट गावाला नवी नाही. म्हशीला बैलापेक्षा घाम फार कमी, म्हणून ती दुपारी बोडीत शिरते आणि बाहेर येताना चिखल पांघरून येते. चिखलातलं पाणी मातीच्या कणांमध्ये अडकलेलं असतं, ते सावकाश उडतं. त्यामुळे गारवा जास्त वेळ टिकतो.

हत्तीच्या कातडीचा यात मोठा हात आहे. तिच्या सुरकुत्या आणि भेगा म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या नाल्याच. २०१८ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी आफ्रिकी हत्तीच्या कातडीचा बारकाईनं अभ्यास प्रसिद्ध केला. तिच्यावरच्या सूक्ष्म भेगांचं जाळं सपाट कातडीच्या पाच ते दहा पट पाणी धरतं, असं त्यांना दिसलं. आशियाई हत्तीत हे बारीक जाळं तितकं ठळक नाही, पण सुरकुत्या त्याच्याही अंगभर आहेत, आणि चिखल त्यांतच बसतो.

किती पाणी लागत असेल? तीन टनांची हत्तीण घेऊ. ती नुसती उभी राहिली, तरी तिच्या शरीरात तासाला अंदाजे बाराशे किलोकॅलरी उष्णता तयार होते. एक लिटर पाणी अंगावरून वाफ होऊन गेलं, तर ते सुमारे ५८० किलोकॅलरी सोबत नेतं. म्हणजे तिची स्वतःची उष्णता काढायलाच तासाला दोन लिटर पाणी तिच्या कातडीवरून उडायला हवं. उन्हाची आणि झळांची भर वेगळी, त्यामुळे खरी गरज याहून जास्त. हिशेब ढोबळ आहे, पण माहुत भर दुपारी हत्तीला पाण्यापासून लांब का नेत नाही, हे त्यातून कळतं.

पाणी जवळ नसेल तर? तेव्हा दिसणारी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. हत्ती सोंड स्वतःच्याच तोंडात घालतो, घशात साठलेलं पाणी ओढून घेतो आणि ते कानांवर, छातीवर फवारतो. पाहणाऱ्याला गंमत वाटते. मला ते बघवत नाही. हत्ती असं करताना दिसला, तर त्याला तहान आणि उष्मा दोन्ही लागलेत आणि आता सावली व पाणी हवं, एवढं समजावं.

(दृश्य: चिखलावर कोरडी धूळ. पाठीवर थर जमतोय.)

आता ती कोरडी धूळ. ओल्या चिखलावर हत्तीण वरून कोरडी माती का उडवते?

गारव्यात धुळीचा वाटा थोडा, तिचं मुख्य काम आडोशाचं. हत्तीची कातडी पाठीवर दोन-अडीच सेंटीमीटर जाड असली, तरी बधिर नाही. माशी बसली तरी त्याला कळते. केस विरळ, शेपूट पाठीवर पोचत नाही. तेव्हा ओल्या अंगावर धूळ बसवली की एक कवच तयार होतं. ऊन थेट कातडीवर येत नाही आणि गोमाश्यांना, डासांना सहज टोचता येत नाही. सोंडेवर, कानांच्या कडांवर गुलाबी ठिपके दिसतात ना, तिथं रंगद्रव्य नसतं. ती जागा उन्हानं सहज पोळते. पिल्लांची कातडी तर आणखी कोवळी. म्हणून पिल्लू आईच्या पोटाखालच्या सावलीत राहतं आणि चिखलात सगळ्यात जास्त वेळ तेच लोळतं.

कानांचे झोकेही माश्यांना हाकलतात. जिथं कान पोचत नाही, तिथं हत्ती फांदी वापरतो. कर्नाटकातल्या नागरहोळेत संशोधकांनी हत्तींना लांबलचक फांद्या दिल्या, तेव्हा काहींनी त्या पायाखाली धरून मोडल्या, हव्या तेवढ्या आखूड केल्या आणि मगच माश्या हाकलायला घेतल्या.

(दृश्य: पावसाळा. हिरवीगार बांधी, ढगाळ आकाश.)

जुलै आला की सगळं बदलतं. पावसाळ्यात कूलर कसा निरुपयोगी होतो, घरभर नुसती चिकचिक. तसंच चिखलाचं होतं. हवा आधीच ओलीचिंब, पाणी उडणार कुठं? पण त्याच वेळी हवा तिशीच्या आसपास उतरलेली असते, रक्तापेक्षा गार. म्हणजे कान परत कामावर. उन्हाळ्याची दुपार चिखलाच्या जिवावर निघते, पावसाळा कानांच्या. आणि थंडीच्या पहाटे तीच हत्तीण कान अंगाला चिकटवून उभी राहते, कारण तेव्हा उष्णता वाचवायची असते.

कान थांबण्याला आणखी एक अर्थ आहे, आणि तो गडचिरोलीच्या शेतकऱ्यानं ओळखावा असा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप या जिल्ह्यात आला. तेव्हापासून धानाच्या बांध्या तुडवल्या गेल्या, घरं पडली, माणसंही गेली. रानात समोर हत्ती दिसला आणि त्याचे कान संथ लयीत हलत असले, तर तो बहुधा निवांत आहे. कान अचानक थांबले, बाजूला ताठ पसरले, डोकं वर आलं, तर त्याला तुमची चाहूल लागलीय. तिथून आवाज न करता मागं फिरायचं. लय चालू आहे म्हणून जवळ मात्र कधीच जायचं नाही.

(दृश्य: रात्र. कॅम्पवर शांतता. साखळीचा किणकिणाट.)

दिवसभर एवढं करूनही काही उष्णता उरतेच. ती हत्ती अंगात साठवतो. थायलंडमधल्या हत्तींवरच्या अभ्यासात दिसलं, की दिवसा त्यांच्या शरीराचं तापमान हळूहळू चढतं आणि रात्री उतरतं. तीन टनांचा देह एका अंशानं तापायला त्या हत्तिणीची जवळजवळ दोन तासांची स्वतःची उष्णता लागते. म्हणून थोडं साठवणं तिला परवडतं. फक्त रात्र गार हवी. नवतप्यात काही रात्री जमीन निवतच नाही. अशी रात्र गेली, की दुसऱ्या सकाळी हत्तीण दिवसाची सुरुवातच उसन्या उष्णतेवर करते. माहुत आणि चाराकटर मग तिला उजाडायच्या आत पाण्यावर नेतात.

(दृश्य: सकाळ. जंगलात ऐनाचं झाड. खोडावर वाळलेल्या चिखलाचे पट्टे.)

वाळलेला चिखल अंगावर कायम राहत नाही. हत्ती खोडाला अंग घासतो, पापुद्रे गळतात आणि त्यांच्यासोबत गोचीडही. खोडावर मागे राहतो हा पट्टा. जमिनीपासून तो किती उंच आहे, यावरून घासणारा केवढा होता याचा अंदाज येतो. खाली पुढच्या पायाचा ठसा मिळाला तर अंदाज आणखी पक्का: ठशाचा घेर दोरीनं मोजायचा, दुप्पट करायचा, साधारण तेवढी खांद्यापर्यंतची उंची.

आमच्यासोबतच्या वनरक्षकानं पट्ट्यावर बोट फिरवलं. बोटाला ओल लागली.

"रात्रीच गेला जी कळप. बोडीकडूनच आला असन."

(दृश्य: वनरक्षक फोन कानाला लावून गावाच्या दिशेनं चालू लागतो.)