काळा कपडा विटला की नुसता मळला?

नमस्कार श्रोतेहो. काही वर्षांपूर्वी माझा काळा सुती शर्ट राखाडी पडला, म्हणून मी रंगाची पुडी आणून तो घरीच रंगवला. वाळल्यावर पाहतो तर पाठीवर ढगच ढग. कुठे गडद काळा, कुठे फिकट. चूक रंगाची नव्हती, माझीच होती. शर्टाचा रंग उडालाय की त्यावर काही बसलंय, हे मी पाहिलंच नव्हतं.

काळा कपडा करडा दिसायला तीन कारणं असतात. एक, जड पाण्यातले क्षार आणि न निघालेली पावडर धाग्यावर साचते. दोन, घासून घासून कापडावर बारीक लव उभी राहते आणि तिच्यावर उजेड विखुरतो. तिसरं कारण म्हणजे रंग खरोखरच गेलेला असतो.

तपासणी सोपी आहे. एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाणी घ्या, शर्टाचं खालचं टोक त्यात पंधरा मिनिटं बुडवा, मग स्वच्छ पाण्यात खळबळून सावलीत पूर्ण वाळवा. ओला कपडा नेहमीच गडद दिसतो, म्हणून वाळल्याशिवाय निकाल देऊ नका. तेवढाच भाग काळाभोर दिसला तर रंग शाबूत आहे, वर थर बसलाय. मग दहा लिटर पाण्यात एक कप व्हिनेगर घालून अख्खा कपडा अर्धा तास भिजवा आणि भरपूर पाण्यात खळबळा. ब्लीच मात्र त्या पाण्यात चुकूनही पडू देऊ नका, विषारी वायू निघतो.

फरक दिसला नाही तर कपडा खिडकीशी तिरपा धरा. लव चमकताना दिसली तर गोळे काढायच्या छोट्या मशीनने ती हलक्या हाताने काढा. तीही नसेल तर शिवणीच्या आतली पट्टी उलगडून पाहा. आतला काळा आणि बाहेरचा करडा यांत ठळक फरक असेल, तर रंग खरंच गेलाय.

आता रंगवायचं. गडद जीन्सचंच उदाहरण घेऊ. निळ्या जीन्सचा नीळ-रंग धाग्याच्या फक्त बाहेरच्या कडेवर बसवलेला असतो, गाभा पांढराच राहतो. म्हणून गुडघे आणि खिशांच्या कडा आधी पांढुरक्या होतात. समजा काळी सुती जीन्स ६०० ग्रॅम आहे. कोमट पाण्यात बसणारा रिॲक्टिव्ह रंग घ्यायचा आणि काळ्यासाठी कापडाच्या वजनाच्या पाच-सहा टक्के, म्हणजे साधारण ३० ते ३६ ग्रॅम धरायचा. जीन्स आधी धुऊन थर काढून टाकायचा आणि ओलीच ठेवायची. मी नेमकी हीच पायरी गाळली होती. चाळीस अंशांच्या बारा लिटर पाण्यात सातशे ग्रॅम मीठ आणि रंग विरघळवून जीन्स वीस मिनिटं सतत हलवायची. मग तिला बाजूला सारून, गरम पाण्यात विरघळवलेला शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा ॲश, घालायचा आणि तासभर अधूनमधून हलवत राहायचं. मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं, पण बांधतो तो सोडाच. हातमोजे घाला, रंगाची पूड नाकात जाऊ देऊ नका आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

हा रंग पॉलिएस्टरवर बसत नाही. म्हणून जीन्सची पिवळसर शिलाई बहुधा तशीच राहते, आणि मला विचाराल तर तीच शोभते. मिश्र कापड मात्र अर्धवटच रंगतं.

आता डिटर्जंट. पांढऱ्या कपड्यांच्या पावडरीत बऱ्याचदा ऑक्सिजन ब्लीच असतं आणि चकाकीसाठी ऑप्टिकल ब्राइटनर. हे ब्राइटनर अतिनील किरण शोषून निळसर उजेड फेकतं. पांढऱ्यावर ते छान दिसतं, काळ्यावर धुरकट. त्यामुळे पाकिटामागची घटकांची यादी वाचा आणि ही दोन्ही नावं नसलेलं डिटर्जंट घ्या. सहसा ते द्रवरूप असतं आणि द्रवात ब्लीच क्वचितच असतं. यादीत सेल्युलेज हे एन्झाइम असलं तर सुती कपड्यावरची लव ते हळूहळू कापत जातं. 'काळ्या कपड्यांसाठी' अशा पाटीवर विसंबू नका, मागची यादीच वाचा. आणि लिहिलेल्या मापापेक्षा जास्त ओतू नका. जास्तीचा फेस धुतला जात नाही, त्याचाच पुन्हा थर बसतो.

मीठ किंवा व्हिनेगर घातलं की तयार कपड्याचा रंग 'पक्का' होतो, असं ऐकलं असेल. तसं होत नाही. घर्षण कमी केल्याने मात्र फरक पडतो. कपडा उलटा करा, चेन लावा, थंड पाण्यात कमी वेळ फिरवा आणि सावलीत वाळवा.

रंगवलेली जीन्स पहिले तीन-चार वेळा एकटीच धुवा. नंतर पांढरा ओला रुमाल तिच्यावर चोळून पाहा. रुमालावर काळा डाग उमटला तर ती अजून इतर कपड्यांत टाकू नका.