तिसऱ्या ओळीवर थांबू नका

फॉल्स डिस्कव्हरी रेटवर, म्हणजे आपण सापडलं म्हणून लिहिलेल्या यादीत सरासरी किती प्रमाणात खोटं असतं त्यावर बोलायचं ठरलंय, पण आधी माझी एक जुनी खदखद ऐका, कारण सगळा विषय त्यातच आहे. आपल्या सोलापूरच्या रब्बी ज्वारीवर आमचं काम चाललेलं, पाणी कमी पडलं तरी कुठल्या ताटाचा दाणा भरतो आणि त्याचा कुठल्या जनुकीय मार्करशी संबंध लागतो ते बघायचं. मार्कर ४००, म्हणजे टेस्टही ४००. आता बघा, कशाचाच संबंध नसला तरी पी-व्हॅल्यू, म्हणजे संबंध नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून ठळक निकाल दिसण्याची शक्यता, ०.०५च्या खाली साधारण २० वेळा आपोआप येते, म्हणून ती रेघ बाद. बॉन्फेरोनी लावलं तर ०.०५ भागिले ४००, म्हणजे ०.०००१२५. त्यात एकच मार्कर वाचला.

मग आम्ही बेंजामिनी आणि होखबर्ग यांची १९९५ची पद्धत घेतली. पी-व्हॅल्यू लहानापासून मोठ्यापर्यंत लावायच्या, यादीत पाच टक्के खोटं चालेल असं धरून पहिलीची मर्यादा ०.०००१२५, दुसरीची त्याच्या दुप्पट, तिसरीची तिप्पट, असं खाली जायचं. आमचे आकडे, समजायला सोपे करून सांगतो:

```
k   p        मर्यादा
1   0.00001  0.000125
2   0.00014  0.00025
3   0.00041  0.000375
4   0.00045  0.0005
5   0.00059  0.000625
6   0.0012   0.00075
```

सहावीपासून पुढं सगळ्या मर्यादेबाहेर. रिपोर्ट तपासणाऱ्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, म्हणाले ही नापास, इथंच थांबा, दोनच मार्कर लिहा. मी खूप समजावलं हो, पण तीन मार्कर कापलेच, आणि पुढच्या हंगामात त्यांच्यावर कुणी कामच केलं नाही. आजही वाईट वाटतं.

चूक कुठं होती? ही पद्धत स्टेप-अप आहे, तपासायचं तळापासून, सगळ्यात मोठ्या पी-व्हॅल्यूपासून वर. वर येताना जी पहिली ओळ मर्यादेत बसते तिथं थांबायचं, आणि ती व तिच्या वरच्या सगळ्या घ्यायच्या, मधली एखादी स्वतःच्या मर्यादेबाहेर असली तरी. इथं ती पाचवी, म्हणून पाच मार्कर. कारण आपण एकेका ओळीची परीक्षा घेतच नाही, आख्ख्या यादीत किती खोटं शिरलं असेल ते विचारतोय. ०.०००५९वर रेघ मारली तर फुकटात येणारे जास्तीत जास्त ४०० × ०.०००५९, म्हणजे ०.२४च्या आसपास, आणि हातात ५; प्रमाण पावणेपाच टक्के. तिसऱ्या ओळीवर मारली तर ०.१६४ आणि हातात ३, साडेपाच टक्के होतात. यादी दोनने वाढली आणि प्रमाण उलट सुधारलं!

वेळ संपत आलाय, चिठ्ठी आली, पटकन सांगतो. हे पाच टक्के सरासरीचे आहेत, तुमच्या याच यादीत तेवढंच खोटं असेल असा शब्द कुणी देत नाही. हमी टेस्ट स्वतंत्र असतील तर, किंवा ठरावीक अर्थानं एकाच दिशेनं जोडलेल्या असतील तर आहे. नातं कसलंही असू शकत असेल तर बेंजामिनी-येकुतिएली, २००१, त्यात ४०० टेस्टला मर्यादा अजून साडेसहा पटीनं खाली जाते. आणि ४०० केल्या असतील तर ४००च लिहा, आधी नजरेनं १०० निवडून मग टेस्टची संख्या m = 100 घातलीत तर हिशोबच खोटा. आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या ४०० पी-व्हॅल्यूंवर `p.adjust(p, method = "BH")` दिलं की तिसरीला सुधारित पी-व्हॅल्यू म्हणून चौथीचाच ०.०४५ मिळतो, ते बघून कुणी गडबड झाली म्हणालं तर त्यांना तळापासून वर मोजायला लावा.