केस बांधले, डोकं धरलं

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी आठला उंच पोनीटेल बांधून बाहेर पडावं आणि दुपारी बाराच्या सुमारास डोकं ठणकायला लागावं, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकींना असेल. लांब केस राखणाऱ्या पुरुषांनाही असेल. मग आपण म्हणतो, ऊन लागलं, चष्म्याचा नंबर वाढला, जागरण झालं. रबराकडे मात्र संशयाने कोणी बघत नाही.

केसाला स्वतःला काहीच कळत नाही, म्हणून तर तो कापताना दुखत नाही. पण तो त्वचेत जिथे रुजलेला असतो, त्या मुळाभोवती चेतातंतूंचं बारीक जाळं असतं. एक केस कोणी उपटला तर आपण कळवळतो. पोनीटेलमध्ये हजारो केस एकाच जागी, एकाच दिशेने, तासन्‌तास ओढलेले असतात. सगळ्यात जास्त दुखतं ते ओढ असेल तिथेच, म्हणजे टाळूवर, भांगाच्या कडेला किंवा कानशिलांच्या वर. ओढ लांबली की दुखणं कपाळावर आणि मानेपर्यंतही पसरतं, आणि मग मूळ कारण ओळखू येईनासं होतं.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या दुखण्याला स्वतंत्र जागा आहे. बाहेरच्या ओढीमुळे होणारी डोकेदुखी, अशी त्याची नोंद आहे. त्यातला एक निकष घरच्या घरी ताडून पाहण्यासारखा आहे: ओढ काढल्यावर तासाभरात दुखणं थांबायला हवं.

बाराला डोकं दुखायला लागलं की केस सोडा आणि घड्याळ बघा. एकपर्यंत थांबलं, आणि दुसऱ्या दिवशीही असंच झालं, तर कारण सापडलं. केस मोकळे सोडून दोन तास झाले तरी तसंच दुखतंय, तर दोष पोनीटेलचा नाही, दुसरं काही शोधायला हवं. अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांचं थोडं वेगळं असतं. घट्ट केसांनी त्यांचा झटका सुरू होऊ शकतो, आणि मग केस सोडले तरी तो आपला वेळ घेऊनच जातो. झटक्यात कंगवासुद्धा डोक्याला लावू नयेसा वाटतो. अशा वेळी अर्धशिशीचं नेहमीचं औषध वेळेवर घेणंच बरं.

आता केस सोडायचे कसे? रबर ओरबाडून काढू नका. गुंतलं असेल तर सरळ कापा. लगेच कंगवाही फिरवू नका. सोडल्यावर केसांची मुळं काही वेळ हुळहुळतात, आणि केस उलट्या दिशेला वळवले तर जास्तच. बोटांची टोकं डोक्यावर टेकवा आणि केस न चोळता खालची त्वचाच हळूहळू पुढे-मागे सरकवा. कानशिलांपासून सुरुवात करून मानेपर्यंत या. दोन-तीन मिनिटं पुरतात. डोक्यात अजून ठणका असेल तर गार पाण्यात पिळलेला रुमाल ठेवा. वेदनाशामक गोळी घेऊन केस तसेच बांधून ठेवणं मात्र निव्वळ वेडेपणा आहे. दुखणं दबतं, ओढ चालूच राहते.

पुन्हा बांधायचे झाले तर खाली, मानेजवळ आणि सैल बांधा. रबराऐवजी कापडी बँड किंवा क्लचर वापरा. बांधून झाल्यावर भुवया उंचावून बघा. कपाळाची त्वचा ताणल्यासारखी वाटली, तर गाठ घट्टच झाली आहे.

खरी पंचाईत होते ती बारीक वेण्या आणि एक्स्टेंशनची. त्या चटकन सोडता येत नाहीत. वेणी घट्ट असतेच, त्यात जोडलेल्या केसांचं वजन रात्रंदिवस मुळांवर येतं. आणि ‘पहिले दोन दिवस दुखणारच’ असं अगदी खात्रीने सांगितलं जातं. ते मानू नका. वेण्या घालून घेताना दुखलं तर तिथेच थांबवा आणि सैल करून घ्या. घरी आल्यावर दुखायला लागलं तरी सगळी मेहनत वाया घालवायची गरज नाही. कपाळाच्या कडेच्या आणि कानशिलांवरच्या वेण्या आधी उकला. तिथले केस बारीक आणि नाजूक असतात. उरलेल्या वेण्या वर गुंडाळून अंबाडा बांधू नका, त्याने सगळं वजन एका जागी येतं. झोपताना त्या उशीच्या वरच्या बाजूला मोकळ्या सोडा, अंगाखाली दबू देऊ नका. एवढं करून दुसऱ्या दिवशीही दुखतच असेल, तर सगळ्या काढा.

एक्स्टेंशन काढल्यावर आरशासमोर उजेडात केसांची कड नीट बघा. मुळांशी लालसर पुटकुळ्या, पू, किंवा कानशिलांजवळ तुटक्या आखूड केसांची झालर दिसली, तर प्रश्न डोकेदुखीपुरता राहिलेला नाही. सतत ओढ बसून केस गळायला लागले आहेत. या टप्प्यावर ओढ थांबली तर केस बहुधा परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिली तर मुळं कायमची जातात आणि तिथली त्वचा गुळगुळीत होते. म्हणून पुटकुळ्या दिसताच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि त्यांनी पाहीपर्यंत त्या जागी नवीन वेणी घालू नका.

नमस्कार.