उत्तरसूचीत नसलेलं बरोबर उत्तर

(केंद्र शिक्षण परिषदेत भाषाशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आजच्या बोलण्यासाठी मी एक छोटा उतारा तयार केला आहे. सहावी-सातवीच्या मुलांना सहज वाचता येईल असा. आधी तो वाचते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

'तात्या रोज दुपारी ओट्यावर येऊन बसत. पोस्टमनची सायकल वळणावर दिसली की उठून फाटकाशी जात. सायकल पुढे निघून गेली की परत येऊन बसत. पावसाळा सरला, दिवाळीही होऊन गेली. त्या दिवशी सायकल वळणावर दिसली, पण तात्या उठले नाहीत. पोस्टमनच फाटकाशी थांबला आणि म्हणाला, "तात्या, आज आहे." तात्यांनी चष्म्यासाठी दोन्ही खिसे चाचपले. चष्मा डोळ्यांवरच होता.'

प्रश्न असा: त्या दिवशी तात्या का उठले नाहीत? गुण दोन. उत्तरसूचीत लिहिलं आहे, 'तात्यांनी पत्र येण्याची आशा सोडून दिली होती.'

उत्तरसूची तयार करणाऱ्याला हे उत्तर स्पष्ट वाटतं. पण उतारा पुन्हा बघा. त्यात 'आशा' हा शब्द नाही, 'सोडून दिली' हेही नाही, आणि 'पत्र' हा शब्दसुद्धा कुठेच नाही. पोस्टमन फक्त 'आज आहे' एवढंच म्हणतो. म्हणजे उत्तरसूचीतलं वाक्य हादेखील एका वाचकाने काढलेला निष्कर्षच आहे, त्याच्या स्वतःच्या शब्दांत मांडलेला. माहिती शोधून लिहायच्या प्रश्नात उत्तराचे शब्द उताऱ्यातच असतात, म्हणून तिथे शब्द जुळवून तपासलं तरी फारसं बिघडत नाही. अनुमानाच्या प्रश्नात उत्तराचे शब्द उताऱ्यात नसतातच. ते मुलाला स्वतःचे आणावे लागतात. मग ते आपल्या शब्दांशी जुळावेत हा आग्रह कशाच्या आधारावर?

एका मुलाने लिहिलं, 'मनीऑर्डर येणार नाही असं तात्यांना वाटलं.' सूचीवर बोट ठेवून तपासणारा इथे अडखळतो, कारण सूचीत पत्र आहे. पण पोस्टमन मनीऑर्डरही आणतो, आणि उताऱ्यात ती नाकारणारं एक अक्षर नाही. पूर्ण गुण. मुलाची इथे काहीच चूक नाही. उताऱ्यात जे मोकळं ठेवलं होतं ते सूचीने बंद करून टाकलं, ती चूक सूचीची आहे.

म्हणून अनुमानाच्या प्रश्नाची उत्तरसूची एका वाक्यात लिहू नये असं माझं ठाम मत आहे. तिच्यात तीन गोष्टी हव्यात. मूळ मुद्दा काय, तो उताऱ्यातल्या कोणत्या ओळींवर उभा आहे, आणि कोणती उत्तरं जवळची दिसली तरी चालणार नाहीत. आपल्या प्रश्नासाठी मुद्दा असा: 'ज्याची वाट पाहत होतो ते आजही येणार नाही, असं तात्यांनी धरून चाललं होतं.' आधार असा: रोज उठणं, रोज सायकल पुढे जाणं, पावसाळा आणि दिवाळी उलटून जाणं. एक गुण मुद्द्याला, एक आधाराला. मात्र आधार मागायचा तर प्रश्नातच 'उताऱ्याच्या आधारे कारणासह लिहा' असं हवं. न मागितलेल्या गोष्टीचा गुण कापणं अन्याय आहे. आपल्या प्रश्नात ते शब्द आहेत असं समजू.

आता गठ्ठा उघडू. सातवीच्या वर्गातून येतात तशी ही उत्तरं आहेत.

पहिलं: 'इतके दिवस काय आलं न्हाई, आज बी काय येनार न्हाई आसं त्यास्नी वाटलं.' मुद्दा आहे, आधारही आहे. दोन पैकी दोन. इथे पेन थांबतो तो भाषेपाशी. 'न्हाई'खाली लाल रेघ मारावीशी वाटत असेल तर मारा, पण गुण कापू नका. हा आकलनाचा प्रश्न आहे. प्रमाणलेखन तपासायला त्याच कृतिपत्रिकेत वेगळे प्रश्न असतात. एकाच चुकीची शिक्षा दोन ठिकाणी झाली, तर मूल वाचनात कच्चं आहे की लेखनात, हे गुणांवरून कधीच कळणार नाही. 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी पंधरा वर्षांच्या मुलांसाठी असते. तिच्यातही वाचनाची उत्तरं तपासणाऱ्यांना हीच सूचना असते: शुद्धलेखनाच्या आणि व्याकरणाच्या चुकांमुळे अर्थच लागेनासा झाला नसेल, तर त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

दुसरं: 'रोज उठून काय उपयोग, सायकल तर पुढेच जाते.' याचा आणि सूचीचा एकही शब्द जुळत नाही. हे वाक्य तात्यांच्या मनातलं म्हणून लिहिलं आहे, म्हणून काही जणांना ते उत्तरच वाटत नाही. मला तर ते गठ्ठ्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर वाटतं. मूल पात्राच्या जागी जाऊन बोललंय आणि बोलताना आधारही देऊन गेलंय. दोन गुण.

तिसरं: 'तात्यांना पत्राची खूप आशा होती म्हणून ते रोज फाटकाशी जात.' इथे सावध व्हा. 'पत्र' आहे, 'आशा' आहे, वाक्य शुद्ध आहे, अक्षर सुंदर आहे. ऐंशीच्या गठ्ठ्यातला पन्नासावा पेपर असेल, तर बरोबरची खूण कधी झाली हे हातालाही कळत नाही. पण हे उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं आहे. तात्या रोज का उठत, हे त्यात सांगितलंय. त्या दिवशी का उठले नाहीत, हे सांगितलेलं नाही. शून्य. शब्द जुळवून तपासण्याचा तोटा दुहेरी आहे. वेगळ्या शब्दांतलं बरोबर उत्तर बुडतं, तसंच सूचीच्या शब्दांतलं चुकीचं उत्तर तरून जातं. पहिल्या प्रकाराची तक्रार घेऊन मूल आपल्याकडे येतं. दुसऱ्याची तक्रार कुणीच करत नाही, म्हणून ती चूक वर्षानुवर्षं टिकते.

चौथं: 'तात्या म्हातारे होते, त्यांचे पाय दुखत असतील.' शक्य आहे की नाही? आहे. पण शक्यता वेगळी आणि अनुमान वेगळं. मी इथे स्वतःला एकच विचारते: या उत्तरासाठी बोट कोणत्या ओळीवर ठेवू? पायांसाठी ओळ नाही. शिवाय हे उत्तर धरलं तर पावसाळा आणि दिवाळी त्या उताऱ्यात कशाला आली, हे कळतच नाही. शून्य. पण शेऱ्यात फक्त 'चूक' लिहू नका, 'हे उताऱ्यात कुठे दिसतं?' असं लिहा. या मुलाने विचार केलाय, फक्त उताऱ्याबाहेर जाऊन केलाय.

पाचवं उत्तर मात्र शिक्षकांमध्ये वाद लावतं: 'तात्यांना सायकल दिसलीच नसेल.' उताऱ्यात 'सायकल वळणावर दिसली' असं आहे, पण कुणाला दिसली ते नाही. शेवटी चष्म्याचा घोळही आहेच, म्हणजे नजर कमी असेल असं मूल म्हणू शकतं. 'नाही, चुकलं' म्हणून हे उत्तर झटकता येत नाही. पुन्हा उताऱ्यातच जावं लागतं. दुसऱ्या वाक्यात 'सायकल वळणावर दिसली की उठून' असं आहे, तिथे पाहणारे तात्याच आहेत. पाचव्या वाक्यात तीच शब्दरचना परत येते आणि लगेच 'पण' येतो. दिसली, तरीही उठले नाहीत, असा तो 'पण' आहे. आणि चष्मा तर डोळ्यांवर होता. म्हणून शून्य. पण हा निर्णय उताऱ्यातून आला पाहिजे. 'सूचीत नाही' हे कारण पुरेसं नाही. आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांनी हेच लिहिलं असेल, तर दोष मुलांकडे शोधायच्या आधी उतारा तपासा. 'तात्यांना सायकल दिसली' एवढा एक शब्द घातला असता, तर वाद झालाच नसता.

आणि सहावं, सगळ्यात जास्त वेळा येणारं: 'तात्या निराश झाले होते.' एवढंच. मुलांना माहीत असतं की गोष्टीतल्या माणसाबद्दल विचारलं की निराश, दुःखी, आनंदी यांपैकी एक शब्द लिहिला की काहीतरी मिळतं. मी 'निराश'ला एक गुण देते आणि 'दुःखी'ला शून्य. अपेक्षा असल्याशिवाय माणूस निराश होत नाही, त्यामुळे त्या शब्दात वाट पाहणं अर्धं तरी आलेलं असतं. दुःखी माणूस कशानेही असू शकतो. तुमच्यापैकी काही जण 'निराश'लाही शून्य देतील, आणि तेही पटण्यासारखं आहे, कारण हे उत्तर उतारा न वाचता नुसत्या प्रश्नावरून लिहिता येतं. काहीही ठरवा, पण गठ्ठा सुरू करण्याआधी ठरवा आणि शेवटच्या पेपरपर्यंत तेच ठेवा. सकाळी 'निराश'ला एक आणि संध्याकाळी शून्य, हे मला दोन्ही निर्णयांपेक्षा वाईट वाटतं.

हे ठरवायचं कसं, तर आधी पंधरा-वीस पेपर गुण न देता नुसते वाचायचे. हुशार मुलांचेच उचलू नका, गठ्ठ्यात मधूनमधून काढा. सूची बनवताना सुचली नव्हती अशी दोन-तीन उत्तरं त्यातच सापडतात. ती सूचीत लिहून घ्यायची: 'मनीऑर्डर, चालेल', 'निराश एवढंच, एक गुण', 'पाय दुखत असतील, शून्य'. मग एका मुलाचा अख्खा पेपर तपासून पुढच्याकडे जाण्याऐवजी सगळ्यांचा हा एकच प्रश्न सलग तपासायचा. नियम डोक्यात ताजा राहतो, आणि आधीचे चार प्रश्न छान लिहिले म्हणून पाचव्यात हात सैल सुटत नाही. मध्येच एखादं नवं बरोबर उत्तर आलं, तर सूचीत भर घालायची आणि मागे तपासलेल्यांत तसलं कुणाचं बुडालं का, हे पाहायला परत जायचं. कंटाळवाणं आहे, पण हे टाळलं तर पेपर गठ्ठ्यात कुठे होता यावर गुण ठरतात.

शाळेत दुसरे मराठीचे शिक्षक असतील, तर दहा पेपर त्यांच्याकडे द्या. तुमचे गुण त्यांना दिसू देऊ नका, नाहीतर त्यांचा हात तुमच्या आकड्याकडे ओढला जातो. मोठ्या चाचण्यांतही काही उत्तरं अशी दोघांकडून स्वतंत्रपणे तपासून घेतात. दोघांचे गुण जिथे वेगळे पडतात, तिथे सरासरी काढून मोकळं होऊ नका. एकाने दोन दिले आणि दुसऱ्याने शून्य, म्हणून एक, हे तडजोडीचं गणित झालं. त्या मुलाने एका गुणाचं काही लिहिलेलंच नाही. उतारा समोर ठेवून दोघांनी ओळ दाखवायची. ज्याला ओळ दाखवता येते, त्याचं धरायचं. दोघांनाही दाखवता आली, म्हणजे उताऱ्यातून खरोखरच दोन अर्थ निघतात, तर दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्यायचे आणि पुढच्या वर्षी तो प्रश्न वापरायच्या आधी दुरुस्त करायचा.

चष्म्यावरचा प्रश्न घाईतच सांगते. तात्यांनी खिसे का चाचपले? सूचीत 'आनंद झाला'. मुलं लिहितात भांबावले, उतावीळ झाले, आत काय असेल म्हणून घाबरले. सगळी चालतील, कारण आत काय आहे हे तात्यांनी अजून वाचलेलं नाही. 'तात्या विसरभोळे होते' हे चालणार नाही. ते फक्त चष्म्याच्या ओळीवर टिकतं, आणि तिच्या आधीचं 'आज आहे' वाचलंच नसल्यासारखं होतं. पण 'आज आहे' ऐकून सगळं विसरले, असं कुणी लिहिलं तर? आता तुम्हीच ओळीवर बोट ठेवा आणि गुण सांगा. पुढचा अर्धा तास आपण तुम्ही आणलेले पेपर याच पद्धतीने बघू.