बोर्ड तापतो, तरी फ्यूज गप्प का बसतो?

(टेबलाखाली कॅमेरा, धूळ, वायरींचा गुंता)

हा आपला एक्स्टेंशन बोर्ड. कित्येक वर्षं इथंच पडलेला, पायाने सरकवला जायचा, चार सॉकेट आणि त्यात सहा गोष्टी, कारण एका सॉकेटमध्ये मल्टीप्लग घुसवलेला. लॅपटॉप, मॉनिटर, राउटर, दिवा, मोबाईलचा चार्जर, आणि चहासाठी इलेक्ट्रिक केटल. आता सांगा, यातला गुन्हेगार कोण? बहुतेकजण म्हणतील की सहा गोष्टी लावल्या हीच चूक. तसं नाहीये.

(तिसरं सॉकेट, अगदी जवळून)

हे बघा, भोकाभोवती पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलंय. आणि ही केटलच्या प्लगची पिन, एका बाजूने काळपट, कापडाने पुसली तरी डाग जात नाही. प्लग आत घातला तर सैल बसतो, जरा हलवला की टिकटिक आवाज येतो आणि बाजूचा दिवा लुकलुकतो. ही लक्षणं दिसली ना की बोर्ड गेला समजा.

आता होतं काय ते बघू. सॉकेटच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात आणि त्या पिनला चिमट्यासारख्या धरतात. वारंवार प्लग काढून घालून, किंवा अॅडॉप्टरचा ठोकळा लटकत राहून, चिमटा सैल पडतो. मग पिन नीट टेकत नाही, त्या जागी रेझिस्टन्स वाढतो, समजा ०.१ ओहम झाला, म्हणजे तसा किरकोळच. लॅपटॉप, मॉनिटर वगैरे सगळं मिळून २०० वॅट धरा, २३० व्होल्टवर एक अँपिअरसुद्धा होत नाही, आणि तो सगळा करंट जरी त्या एका सैल जागेतून गेला तरी तिथली उष्णता एका वॅटच्या दहाव्या भागाहून कमी, कळणार पण नाही. पण केटल १५०० वॅटची, म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, साडेसहा गुणिले साडेसहा गुणिले ०.१, झाले चार वॅटच्या वर. चार वॅट ऐकायला काहीच नाहीत, पण ते ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडलेत, बंद प्लास्टिकमध्ये. पट्टी तापते, तापली की तिचा ताण अजून जातो, वर काळा थर चढतो, रेझिस्टन्स अजून वाढतो, की पुन्हा जास्त तापते. असं चक्र.

आणि फ्यूज? बोर्डावर १० अँपिअरचं ओव्हरलोड बटण आहे, पण केटल आणि बाकी सगळं धरून साडेसात अँपिअरसुद्धा होत नाही, मग ते उडेल कशाला. त्याला करंट दिसतो, त्या एका दाण्याएवढ्या जागेचं तापमान त्याला कुठे कळतंय! भिंतीच्या एमसीबीचंही तेच. म्हणून "फ्यूज उडाला नाही म्हणजे सगळं ठीक" यावर विसंबू नका.

(भिंतीचा स्विच बंद, प्लग बाहेर)

बदलायचा कसा, तर आधी भिंतीतून प्लग काढायचा, मग बाकीचे. उघडून पट्ट्या पक्कडीने दाबून बघू वगैरे उद्योग करू नका, एकदा तापून नरम पडलेल्या पट्टीला तो ताण परत येत नाही.

(नवा बोर्ड हातात)

नवा घेताना मी आधी वायर बघतो. तिच्या अंगावर छापलेलं असतं, तीन कोर आणि १.५ स्क्वेअर एमएम असेल तर छान, ०.७५ ची असेल तर ती फक्त हलक्या लोडसाठी. मग प्लग घालून बघा, थोडा जोर लागला पाहिजे आणि बोर्ड उलटा धरला तरी पडता कामा नये. कुठल्याही देशाचा प्लग बसतो अशी ती मोठी भोकं असतात ना, मला ती आवडत नाहीत, सगळ्यांना जागा देतात आणि घट्ट कुणालाच धरत नाहीत. अॅडॉप्टर शेजारी शेजारी मावतील इतकं अंतर हवं, नाहीतर पुन्हा मल्टीप्लग येतोच. अर्थिंगची पिन आत खरंच जोडलेली आहे का हे मल्टीमीटरने तपासता येतं, प्लगच्या अर्थ पिनपासून सॉकेटच्या अर्थच्या भोकापर्यंत, बीप आला की झालं. बोर्ड कुठेही न लावता तपासायचं हां. आणि सर्ज प्रोटेक्शन लिहिलंय म्हणून ओव्हरलोडचंही काम होईल असं नाही, ते व्होल्टेजच्या झटक्यासाठी असतं.

(बोर्ड टेबलाच्या कडेला खालून स्क्रूने बसवताना)

जमिनीवर नको, इथे आडवा लावलाय, पाणी सांडलं तरी थेट भोकात जाणार नाही. उरलेली वायर घट्ट गुंडाळून ठेवायची नाही, गुंडाळीत उष्णता अडकते. केटल आता भिंतीच्या सॉकेटला, बोर्डाशी तिचा संबंध संपला. अर्धा तास सगळं चालू ठेवून प्लगच्या पाठीवर हात लावून बघितला, गार आहे.

(कात्री, जुनी वायर)

जुन्याची वायर मुळाशी कापून टाकतोय, कारण असा बोर्ड कचऱ्यात तसाच दिसला की कुणीतरी उचलून नेतोच.